झोपलेल्यांच्या डोळ्यांवर न येणारा उजेड

घरी काम करणाऱ्या ताईंच्या किंवा गाडी चालवणाऱ्या दादांच्या मुलाला काही द्यायचे ठरले की बहुतेकांना आधी दप्तर सुचते, मग रंगपेटी, मग कपडे. या वस्तू वाईट नाहीत. पण शाळा सुरू होताना दप्तर आईवडील कसेही करून घेतातच, आणि आपण दिलेले दुसरे दप्तर खुंटीवर लटकून राहते. अभ्यासाच्या वयातल्या मुलाला लहान घरात खरी टंचाई असते ती उजेडाची आणि दोन हात जागेची, तीही रात्री बाकीचे झोपल्यावर. म्हणून इथे एकाच भेटीचा नीट विचार करायचा आहे : चार्ज होणारा अभ्यासाचा दिवा आणि त्याच्याबरोबर घडीचे बैठे टेबल. ही जोडी वर्षानुवर्षे कामी येते. चुकीची निवडली, तर दोन महिन्यांत दिवा माळ्यावर जातो आणि देणाऱ्याला ते कधी कळतही नाही, कारण घेणारे संकोचाने काही बोलत नाहीत.

सुरुवात दुकानातून नव्हे, विचारण्यापासून होते. अचानक हातात ठेवलेली भेट आपल्याला गोड वाटते, पण जिथे जागा मोजकी असते तिथे न विचारता आलेली वस्तू ही एक अडचणच असते. विचारण्याची रीत मात्र महत्त्वाची. ‘तुमच्याकडे टेबल आहे का हो?’ हा प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर देताना समोरच्याला ‘नाही’ म्हणावे लागते, म्हणजे आपल्या घरात काय नाही हे उघड करावे लागते. त्याऐवजी असे म्हणता येते : ‘ताई, मुलीचं पुढचं वर्ष महत्त्वाचं आहे. तिला अभ्यासाला लागणारी एखादी वस्तू द्यावी असं मनात आहे. दिवा, टेबल, चांगला कॅल्क्युलेटर, की आणखी काही? तिलाच विचारा आणि सावकाश सांगा.’ यात उणे दाखवावे लागत नाही, निवड मुलीकडे जाते आणि उत्तर तिथल्या तिथे द्यावे लागत नाही. दादांना विचारायचे असेल तर गाडीत घरचे किंवा पाहुणे मागे बसलेले असताना विचारू नये. चारचौघांत ‘नको’ म्हणणे त्यांना जड जाते, आणि ‘हो’ म्हणणे त्याहून जड.

उत्तर ‘काही नको’ असे आले तर ते खरे मानावे. उत्तर भलतेच आले, म्हणजे मुलीने बसचा पास किंवा मैदानी खेळाचे बूट मागितले, तर तेच द्यावे आणि हा लेख बाजूला ठेवावा. आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट असावी : ही भेट पगाराच्या, ठरलेल्या बोनसच्या किंवा दिलेल्या उचलीच्या हिशेबात येत नाही. बोनस देणे बाकी असताना त्याच्या जागी दिवा दिला, तर तो दिवा त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतल्यासारखाच झाला, तोही न विचारता. आधी देणे चुकते करावे, भेट नंतर.

समजा उत्तर आले की दिवा चालेल. मग पुढचे तीन-चार प्रश्न घराबद्दल न विचारता वापराबद्दल विचारावेत. ती कधी अभ्यास करते, रात्री की पहाटे? तेव्हा बाकीचे झोपलेले असतात का? कुठल्या हाताने लिहिते? दिवा चार्ज करायला कोणती वेळ सोयीची? एवढ्या उत्तरांवर दिवा निवडता येतो. खोली किती मोठी, किती माणसे, कोण कुठे झोपते, हे विचारायची गरज पडत नाही.

एक उदाहरण धरून चालू. मुलगी नववीत. वडील पहाटे कामावर निघतात, म्हणून घरातला मोठा दिवा साडेनऊला मालवला जातो. ती साडेनऊ ते साडेअकरा अभ्यास करते आणि सकाळी पाच ते सहा पुन्हा बसते. जमिनीवर बसून लिहिते. धाकटा भाऊ आणि आई जवळच अंथरुणावर झोपलेले असतात. घर दिवसभर बंद असते, त्यामुळे दिवा चार्जिंगला लावायची वेळ संध्याकाळी सहा ते साडेनऊ.

दुकानात मिळणारा टेबल लॅम्प खुर्ची-टेबलाच्या हिशेबाने बनवलेला असतो. खुर्चीवर बसलेल्याचे डोळे दिव्याच्या वर किंवा बरोबरीने असतात, त्यामुळे वरून छोटीशी टोपी असली तरी उजेड डोळ्यांत जात नाही. पण जिथे अभ्यास आणि झोप दोन्ही जमिनीवर असतात, तिथे झोपलेल्याचे डोळे दिव्याच्या बरेच खाली येतात. तो दिव्याच्या टोपीखालून वर पाहतो, आणि उघडे एलईडी ठिपके थेट त्याच्या डोळ्यांत चमकतात. मग धाकटा कुरकुरतो, आई तोंडावर पदर ओढते, आणि दोन दिवसांत मुलगी आपणहून दिवा बंद करू लागते. दिवा बिघडलेला नसतो, त्याचा उजेड चुकीच्या दिशेला जात असतो.

हे आधी मोजून घेता येते. बैठे टेबल जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटर उंच. दिव्याचे तोंड वहीच्या वर ३५ सेंटिमीटर. म्हणजे उजेडाचा उगम जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर. अंथरुणावरच्या माणसाचे डोळे जमिनीपासून १० सेंटिमीटरवर धरले, तर फरक ५५ सेंटिमीटरचा. अंथरूण दिव्यापासून १५० सेंटिमीटरवर असेल, तर नजर १५० आडवे जाताना ५५ वर चढते. ही चढण जिथे अडेल तिथे टोपीची कड हवी. एलईडीची पट्टी कडेपासून ५ सेंटिमीटर आत असेल, तर कड पट्टीच्या पातळीपेक्षा जवळजवळ २ सेंटिमीटर खाली उतरलेली असावी. बाजारातल्या कितीतरी चपट्या दिव्यांत ही कड अर्ध्या सेंटिमीटरचीही नसते.

आकडे नको असतील तर करून पाहावे. दिवा विकत घेतल्यावर, बांधून देण्याआधी, आपल्याच घरात रात्री सगळे दिवे मालवून तो बैठ्या टेबलावर ठेवावा, दीड मीटरवर जमिनीवर आडवे व्हावे आणि बघावे. चमकणारे ठिपके दिसले तर दिवा बदलावा. दिवा इतर सगळ्या बाबतीत चांगला असेल, तर काळ्या जाड कार्डपेपरची ३ सेंटिमीटर रुंद पट्टी अंथरुणाच्या बाजूच्या कडेला दुहेरी चिकटपट्टीने लावता येते. पट्टी एलईडीला टेकू देऊ नये, कडेवर बाहेरून लावावी. नळी वाकवता येणारा दिवा यात सोयीचा, कारण तोंड खाली आणून उंची २५ सेंटिमीटरपर्यंत कमी करता येते. तोंड जितके खाली, तितका उजेड वहीपुरता राहतो.

हात कोणता, हेही याच वेळी बघायचे. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलीच्या डाव्या बाजूला दिवा हवा, नाहीतर स्वतःच्याच हाताची सावली अक्षरावर पडते. डावखुऱ्या मुलीला उलट. आता दिवा डावीकडे आणि अंथरूणही डावीकडे असेल तर ती कार्डपेपरची पट्टी आणखी महत्त्वाची ठरते. काही दिव्यांचे तोंड एकाच बाजूला वळते. असा दिवा नकोच, कारण घरातली मांडणी बदलली की तो निकामी होतो.

आता बॅटरी. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘८ तास’ लिहिलेले असते. ते जवळजवळ नेहमी सर्वांत मंद उजेडावरचे तास असतात, आणि त्या उजेडात गणिताची वही दिसत नाही. खरा हिशेब खोक्याच्या मागच्या बारीक अक्षरांतून निघतो. वाचन-लेखनाला साधारण ३०० ते ५०० लक्स उजेड लागतो. कागदापासून ३५ सेंटिमीटरवर ३ वॉटचा चांगला एलईडी दिवा उघड्या वहीपुरता तेवढा देतो. लिथियमची बॅटरी ३.७ व्होल्टची. २००० एमएएच लिहिलेले असेल तर ते झाले २ अँपिअर-तास, आणि २ गुणिले ३.७ म्हणजे ७.४ वॉट-तास. वाटेत थोडी गळती होते, म्हणून त्यातले ८५ टक्के धरावेत, म्हणजे साधारण ६.३. त्याला ३ वॉटने भागले की दोन तास. आपल्या उदाहरणातल्या मुलीला रात्री दोन आणि पहाटे एक असे तीन तास हवेत. हा दिवा रात्रीच्या शेवटी मान टाकणार आणि पहाटेचा अभ्यास अंधारात जाणार.

४००० एमएएचचा घेतला तर हाच हिशेब चार तासांपलीकडे जातो. एक तास जादा कशाला, तर बॅटरी दीड-दोन वर्षांत म्हातारी होते. तिची ताकद ८० टक्क्यांवर आली तरी तीन तास आणि थोडे वर उरतात, म्हणजे दहावीच्या परीक्षेपर्यंत दिवा पुरतो. चार्जिंगचेही जुळते : १ अँपिअरने ती रिकामीची पूर्ण भरायला साडेचार ते पाच तास घेते, पण संध्याकाळच्या साडेतीन तासांत मिळते तेवढ्यावर तीन तासांचा अभ्यास निघतो. विजेचा भार महिन्याला जेमतेम अर्धा युनिट. ही गोष्ट देताना सहज सांगून टाकावी, कारण बिल वाढेल ही शंका मनात असते आणि कोणी विचारत नाही.

खोक्यावर ४ व्होल्ट किंवा ‘लेड अ‍ॅसिड’ असे लिहिलेले असेल, तर तो दिवा न घेतलेला बरा. स्वस्त इमर्जन्सी दिव्यांत ही बॅटरी असते. ती रिकामी होऊन आठ-पंधरा दिवस तशीच पडली की आतल्या पत्र्यांवर सल्फेटचे कडक थर धरतात आणि ती पुन्हा पूर्ण भरत नाही. सुट्टीत महिनाभर गावाला गेले, परत आले, दिवा दहा मिनिटे लागून विझतो, ही तक्रार इथूनच येते. हातात घेतल्यावर दिवा आकाराच्या मानाने जड लागतो, ही तिची खूण. लिथियमलाही रिकामे पडून राहणे आवडत नाही, पण ती एवढी नाजूक नसते. सुट्टीला जाताना अर्धी भरून बंद करून ठेवली की झाले.

चार्जिंगच्या भोकाबद्दल दोन गोष्टी. ते मोबाइलच्या चार्जरला चालणारे, टाइप-सी असावे. वेगळ्या गोल पिनचा अडॅप्टर हरवला की दिव्याचे आयुष्य संपते. आणि बरोबर मिळालेली केबल लावून स्वतः तपासावे. स्वस्त दिव्यांत टाइप-सीचे भोक असते, पण आत ५.१ किलोओहमचे दोन छोटे रोधक बसवलेले नसतात. अशा दिव्याला दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावली तर चार्जर वीजच सोडत नाही. एका टोकाला जुने चपटे यूएसबी असलेल्या केबलने तोच दिवा बिनतक्रार चार्ज होतो. हे माहीत नसेल तर नवा दिवा बिघडलेला निघाला असे वाटते. म्हणून चपट्या यूएसबीची केबल आणि तिला चालणारा साधा चार्जर दोन्ही खोक्यात ठेवूनच द्यावे. घरातला एकुलता चार्जर रात्री दोन मोबाइलांसाठी लागत असतो, दिव्याने त्यांच्याशी भांडू नये. दिवा चार्जिंगला लावलेला असताना पेटतो का, हेही पाहावे. काही पेटत नाहीत.

डोळ्यांसाठी एक तपासणी तेवढी उरते. दिवा लावून मोबाइलचा कॅमेरा त्याच्याकडे धरावा, शक्य असेल तर स्लो-मोशनवर. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर उजेड भरभर मिचकतो आहे. डोळ्यांना तो दिसत नाही, पण तासाभराने डोके जड होते. उजेड मंद करूनही हे बघावे, कारण बरेच दिवे पूर्ण उजेडात शांत असतात आणि मंद केल्यावर मिचकतात. रंग ४००० केल्व्हिनच्या आसपास असला की पुरे. ६५०० चा निळसर पांढरा उजेड दुकानात झगझगीत दिसतो, पण रात्री तो झोप लांबवतो, अभ्यास करणाऱ्याची आणि शेजारी झोपलेल्याचीही.

टेबलाबद्दल थोडक्यात. उंची ठरवायला एकच माप लागते : मांडी घालून ताठ बसल्यावर जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर. टेबलाचा माथा त्याहून दोन-तीन सेंटिमीटर वर हवा. नववीतल्या मुलीला २६ ते ३० सेंटिमीटर उंचीचे टेबल साधारण जमते. तिसरी-चौथीतल्या मुलाला तेच टेबल उंच होते आणि तो खांदे उचलून लिहितो. मग बुडाखाली चौघडी घातलेली सतरंजी किंवा उशी घ्यावी. माथा ६० बाय ४० सेंटिमीटर असला की उघडी वही, पुस्तक आणि दिव्याचा पाया मावतो. मोबाइल उभा करायची खाच आणि पेल्यासाठीचे भोक असलेले टेबल टाळावे, दोन्ही जागा खातात आणि वहीखाली खड्डा होतो. एमडीएफचा माथा असेल तर कडा नीट बंद केलेल्या हव्यात, नाहीतर ओल्या फरशीचे पाणी शोषून त्या फुगतात. पाय दुमडताना बोट चिमटणार नाही ना, हे स्वतः पाच-सहा वेळा उघडझाप करून पाहावे. घडी केल्यावर जाडी ६ सेंटिमीटरच्या आत असली तर ते कपाटामागे सरकते. खोलीच्या मध्ये दिवसभर उभे राहणारे टेबल, कितीही सुंदर असले तरी, त्या घराला परवडत नाही.

वापरलेला दिवा देऊ नये. टेबल जुने पण भक्कम असेल आणि ‘आमचं वापरलेलं आहे, चालेल का?’ असे सरळ विचारले, तर त्यात कमीपणा नाही. बॅटरीची वस्तू मात्र जुनी दिली म्हणजे तिचे चांगले दिवस आपण वापरले आणि बिघाड तेवढा पुढे सरकवला.

द्यायचे कसे, याचा कल मी एकाच बाजूला ठेवीन : आईच्या किंवा वडिलांच्या हातात, बंद खोक्यात, मुलीला समोर न बोलावता. घरी जाऊन आईने मुलीला दिले की ती आईने आणलेली वस्तू होते. मुलीला आपल्या दारात उभे करून हातात खोके देणे, तिने वाकून नमस्कार करणे आणि कोणी तरी फोटो काढणे, यात तिला दिव्यापेक्षा तो प्रसंगच जास्त आठवणीत राहतो. आभाराची चिठ्ठी किंवा फोटो मागू नये. पगाराच्या दिवशी देऊ नये, हिशेब मिसळतात. त्याच घरात दोन-तीन जण कामाला असतील तर इतरांसमोर देऊ नये. खोक्यात बिल ठेवावे. किंमत दिसते म्हणून बरेच जण ते काढून घेतात, पण बिल नसेल तर वॉरंटी नाही. फार संकोच वाटत असेल तर बिल पाकिटात बंद करून ‘वॉरंटी’ असे वर लिहावे.

भेटीला अट लावू नये. ‘आता नव्वद टक्के आणायला सांगा’ हे वाक्य प्रेमाने म्हटले तरी दिव्यावर कर्ज चढते. पुढे तो दिवा वीज गेल्यावर स्वयंपाकाच्या ओट्यावर लागेल, भाऊ त्याच्यात चित्रे काढेल, कदाचित आत्याच्या मुलीला परीक्षेपुरता दिला जाईल. वस्तू त्यांची आहे. चौकशी करायचीच तर दिव्याची करावी, मार्कांची नाही : ‘दिवा नीट लागतो ना? बिघडला तर सांगा, वॉरंटी आहे.’

आणि तो बिघडला तर दुरुस्तीची खेप आपण करावी. सर्व्हिस सेंटरला जाणे म्हणजे त्यांच्यासाठी एक खाडा, आणि तो दिव्याच्या निम्म्या किमतीएवढा पडू शकतो. आधी फोनवर दोन गोष्टी करून बघायला सांगाव्यात : दुसरी केबल लावणे, आणि चार्जरवर मोबाइल चार्ज होतो का ते पाहणे. बरेचसे ‘बिघडलेले’ दिवे इथेच चालू होतात. तरीही लागला नाही आणि परीक्षा तोंडावर असेल, तर जुना दिवा दुरुस्तीला मागून न्यायच्या आधी आपल्या घरातला एखादा चालू दिवा त्यांच्याकडे पोहोचवावा, म्हणजे मधल्या रात्री कोऱ्या जात नाहीत.